धान्य खरेदीच्या एका नोंदवहीवरून एक्सेल: परीक्षेआधी हाताशी ठेवायचा फंक्शनचा तक्ता

एमएस-सीआयटी किंवा तत्सम ऑफिस कोर्सला बसलेल्या बहुतेकांना फंक्शनची नावं पाठ असतात. सम म्हणजे बेरीज, काउंट म्हणजे मोजणी, इफ म्हणजे जर-तर. तरी प्रात्यक्षिकात उत्तर चुकतं, आणि का चुकलं ते कळत नाही, कारण स्क्रीनवर कुठलीच चूक दिसत नसते. `#N/A` आलं तर माणूस थांबून बघतो तरी. पण 81.25 च्या जागी 61.25 आलं, तर तो पुढच्या प्रश्नाकडे जातो.

म्हणून हा लेख फंक्शनची मोठी यादी देत नाही. कोर्समध्ये पगारपत्रक, गुणपत्रक आणि खरेदी-विक्रीची नोंद असे तीन प्रकारचे सराव फिरून फिरून येतात. त्यातली खरेदीची नोंदवही मी इथे पूर्ण सोडवून दाखवतो, शेवटी गुणपत्रकाचा थोडा सराव देतो. प्रत्येक पायरीला उत्तराचा ताळा कसा करायचा तेही सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका धान्य दुकानाच्या ऑफिसात हेच काम माझ्याकडे असतं, त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतलं आहे.

काय काय लागेल

- एक्सेल असलेला कॉम्प्युटर. घरी एक्सेल नसेल तर लिबरऑफिस कॅल्क चालेल, इथली सगळी फंक्शन त्यातही याच नावांनी आहेत. मोबाइलवरचं गुगल शीट्स वाचायला ठीक, पण फॉर्म्युला खाली ओढायची सवय कीबोर्ड-माउसवरच करा.
- युनिकोड मराठी कीबोर्ड. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असला तरी आतून इंग्रजी अक्षरं असतात. अशा शीटमध्ये युनिकोडमधलं ‘मका’ शोधायला गेलात तर एकही मका सापडत नाही.
- एक वही. ताळा तिच्यावर करायचा.

आकडे टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. शब्द मराठीत खुशाल लिहा, पण हिशोबाचे अंक 1, 2, 3 असेच टाका. या लेखात शीटमधले सगळे आकडे त्यासाठीच इंग्रजी अंकांत दिले आहेत.

## पायरी १: नोंदवही टाइप करा

नवीन शीट उघडा. पहिल्या ओळीत A1 पासून I1 पर्यंत ही शीर्षकं टाका: पावती, गाव, माल, वजन, दर, रक्कम, हमाली, निव्वळ, शेरा. त्याखाली दुसऱ्या ते नवव्या ओळीत फक्त पहिले चार कॉलम भरा. वजन क्विंटलमध्ये आहे, आणि दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी.

| ओळ | A पावती | B गाव | C माल | D वजन |
|---|---|---|---|---|
| 2 | 101 | यावल | मका | 12.5 |
| 3 | 102 | चोपडा | दादर | 8 |
| 4 | 103 | रावेर | हरभरा | 6.25 |
| 5 | 104 | यावल | तूर | 4 |
| 6 | 105 | धरणगाव | मका | 20 |
| 7 | 106 | चोपडा | हरभरा | 10 |
| 8 | 107 | यावल | दादर | 5.5 |
| 9 | 108 | धरणगाव | मका | 15 |

आता बाजूला दरांचा छोटा तक्ता करा. K1 मध्ये ‘माल’, L1 मध्ये ‘दर’. त्याखाली K2 ते L5: दादर 3000, मका 2000, हरभरा 5500, तूर 7000. N1 मध्ये ‘हमाली दर’ लिहा आणि N2 मध्ये 12 टाका, म्हणजे क्विंटलमागे बारा रुपये.

हे दर हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेले आहेत. खऱ्या बाजारात प्रत्येक ढिगाचा लिलाव वेगळा होतो आणि दादरीच्या दोन ढिगांनाही एकच भाव मिळत नाही. सरावात मात्र मालाला एक दर धरायचा.

इथला सापळा. वजनाच्या सेलमध्ये ‘12.5 क्विं.’ असं लिहू नका. एकक शीर्षकात लिहायचं, सेलमध्ये निव्वळ आकडा. सेलमध्ये अक्षर आलं की एक्सेल त्याला मजकूर समजतं, आणि मजकुराला दराने गुणलं की `#VALUE!` येतं.

## पायरी २: हिशोबाआधी आकडे मोजून घ्या

बहुतेक जण थेट बेरजेला हात घालतात. तुम्ही आधी कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे दोन फॉर्म्युले टाका:

```
=COUNT(D2:D9)
=COUNTA(D2:D9)
```

`COUNT` फक्त आकडे असलेले सेल मोजतं. `COUNTA` काहीही भरलेलं असेल ते मोजतं. दोन्हीकडे 8 आलं तर आठही वजनं खरोखर आकडे आहेत. मग D11 मध्ये बेरीज घ्या:

```
=SUM(D2:D9)
```

उत्तर 81.25 यायला हवं.

आता मुद्दाम एक बिघाड करून बघा. D6 मध्ये 20 च्या आधी एक सिंगल कोट टाका, म्हणजे `'20`. एंटर दाबल्यावर सेलमध्ये 20 च दिसतं, पण ते डावीकडे सरकलेलं असतं आणि सेलच्या कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण येतो. बेरीज 61.25 झालेली दिसेल. `COUNT` 7 दाखवेल, `COUNTA` 8 च राहील.

यातला अवघड भाग असा, की पुढे त्याच D6 ला दराने गुणलं तर 40000 हे बरोबर उत्तर येतं. गुणाकार करताना एक्सेल मजकुरातला आकडा स्वतःहून ओळखून घेतं, `SUM` मात्र तसा सेल सोडून देतं. त्यामुळे रकमेचा कॉलम बरोबर आणि वजनाची बेरीज चूक, असा प्रकार होतो. परीक्षेत दिलेल्या तयार फाइलमध्ये किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या माहितीत असे सेल हमखास सापडतात.

दुरुस्ती सोपी आहे. सेल निवडा, बाजूला येणाऱ्या उद्गारचिन्हाच्या खुणेवर क्लिक करा आणि `Convert to Number` घ्या. सेल एकदोनच असतील तर आकडा नव्याने टाइप करा, पण आधी सेलचं स्वरूप `Text` नाही ना ते बघा. तसं असेल तर नवा आकडाही मजकूरच होऊन बसतो.

D6 पूर्ववत करा, बेरीज 81.25 झाली की पुढे चला.

## पायरी ३: हमाली काढा, म्हणजे डॉलरचं काम कळेल

G2 मध्ये हे टाका:

```
=D2*N2
```

उत्तर 150. बरोबर आहे. आता G2 च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला चौकोनी ठिपका पकडून G9 पर्यंत ओढा. G3 ते G9 सगळीकडे 0 येईल.

असं का झालं ते बघायला G3 वर डबल-क्लिक करा. तिथे `=D3*N3` असं दिसेल. फॉर्म्युला एक ओळ खाली गेला तेव्हा त्यातला D2 चा D3 झाला, ते आपल्याला हवंच होतं. पण N2 चाही N3 झाला, आणि N3 तर रिकामा आहे. रिकाम्या सेलने गुणलं की शून्य. एक्सेलच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, म्हणून ते गप्प राहतं.

जो सेल हलायला नको, त्याला डॉलर लावून बांधायचा:

```
=D2*$N$2
```

फॉर्म्युला लिहिताना कर्सर N2 वर असेल तेव्हा F4 दाबलं की दोन्ही डॉलर आपोआप लागतात. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी Fn धरून F4 दाबावं लागतं. परत परत दाबलं तर डॉलरच्या जागा बदलत जातात, तेव्हा `$N$2` असं दिसलं की थांबा.

आता खाली ओढल्यावर 150, 96, 75, 48, 240, 120, 66, 180 असे आकडे येतील. G11 मध्ये `=SUM(G2:G9)` टाका. उत्तर 975.

ताळा. एकूण वजन 81.25, त्याला 12 ने गुणा. 975 च येतात. आठ ओळींचा हिशोब एका गुणाकाराने तपासून झाला. जिथे दर सगळ्यांना सारखा आहे तिथे हा ताळा कायम करा, पगारपत्रकात सगळ्यांचा महागाई भत्ता एकाच टक्क्याने काढलेला असतो तिथेही हाच चालतो.

सराव. N2 मधला 12 काढून 15 टाका. फॉर्म्युल्याला हात न लावता एकूण हमाली 1218.75 झाली पाहिजे. तशी झाली नाही, तर कुठेतरी तुम्ही N2 ऐवजी 12 हा आकडाच फॉर्म्युल्यात लिहिला आहे. तपासून झालं की पुन्हा 12 करा.

## पायरी ४: मालावरून दर आणा

दर हाताने आठ वेळा टाइप करता येतात, पण परीक्षेत प्रश्नच `VLOOKUP` चा असतो. E2 मध्ये:

```
=VLOOKUP(C2,$K$2:$L$5,2,FALSE)
```

कंसातल्या चार गोष्टी अशा वाचा: काय शोधायचं, कुठल्या तक्त्यात शोधायचं, सापडल्यावर तक्त्याच्या कितव्या कॉलममधलं उत्तर द्यायचं, आणि तंतोतंत जुळणी हवी की जवळपासची. C2 मध्ये ‘मका’ आहे. तो दरतक्त्याच्या पहिल्या कॉलममध्ये सापडतो आणि दुसऱ्या कॉलममधले 2000 परत येतात.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला पुन्हा डॉलरचाच. `K2:L5` ला डॉलर न लावता फॉर्म्युला खाली ओढून बघा. 101, 103 आणि 104 या पावत्यांना बरोबर दर येतो, बाकी पाचांना `#N/A`. तक्ता ओळीगणिक खाली सरकत गेला, म्हणून 102 च्या वेळी दादर तक्त्याच्या वर राहून गेली. 103 आणि 104 चं नशीब असं, की हरभरा आणि तूर तोवर सरकलेल्या तक्त्यात शिल्लक होते. काही ओळी बरोबर आणि काही `#N/A` असं चित्र दिसलं, की आधी डॉलर तपासायचे.

दुसरा सापळा रिकाम्या जागेचा. C6 मध्ये ‘मका’ लिहून पुढे एक स्पेस पडली असेल तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण `VLOOKUP` ला तो शब्द सापडत नाही. संशय आला की लांबी मोजा:

```
=LEN(C6)
```

‘मका’ ची लांबी 3 येते, कारण काना हे वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. 4 आली तर मागे किंवा पुढे स्पेस आहे. ‘दादर’ ची 4 आणि ‘हरभरा’ ची 5 यायला हवी. स्पेस काढायला `=TRIM(C6)` हे फंक्शन आहे, ते दुसऱ्या सेलमध्ये स्वच्छ शब्द देतं.

तिसरा सापळा शेवटच्या `FALSE` चा. तो लिहिला नाही तर एक्सेल तक्ता चढत्या क्रमाने लावलेला आहे असं धरून जवळपासची जुळणी शोधतं. आपला दरतक्ता तसा लावलेला नाही, त्यामुळे चुकीच्या मालाचा दरही येऊ शकतो, आणि तो आकडा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. नावावरून, कोडवरून किंवा पावती क्रमांकावरून शोधताना `FALSE` लिहायचंच. जवळपासची जुळणी कुठे उपयोगाची, ते गुणपत्रकात बघू.

सराव. फॉर्म्युल्यातला 2 बदलून 3 करा. `#REF!` येईल, कारण तक्त्याला तिसरा कॉलमच नाही. परत 2 करा.

## पायरी ५: रक्कम, निव्वळ आणि पैशांची गोळाबेरीज

F2 मध्ये `=D2*E2` आणि H2 मध्ये `=F2-G2`. दोन्ही खाली ओढा. F11 आणि H11 मध्ये बेरजा घ्या. एकूण रक्कम 252875 आणि निव्वळ 251900 आली पाहिजे. ताळा सरळ आहे: 252875 वजा 975.

आता `ROUND` का शिकवतात ते बघा. N2 मध्ये 12.2 टाका. मग G2 ते G11 निवडून दशांश कमी करायच्या बटणाने सगळे आकडे पूर्ण रुपयांत दाखवा. हमाली दिसेल 153, 98, 76, 49, 244, 122, 67, 183 आणि खाली बेरीज 991. कॅल्क्युलेटरवर हे आठ आकडे मिळवा. 992 येतात.

एक रुपया कुठे गेला? बटणाने फक्त दिसणं बदललं. आत अजून 152.5, 97.6, 76.25 असेच आकडे आहेत आणि त्यांची बेरीज 991.25 होते, ती 991 म्हणून दिसते. छापलेल्या कागदावर मात्र वाचणारा दिसणारे आकडेच मिळवणार आणि बेरीज चुकली म्हणणार. आकडा खरोखर पूर्ण रुपयांत हवा असेल तर G2 मध्ये असं लिहा आणि खाली ओढा:

```
=ROUND(D2*$N$2,0)
```

आता बेरीज 992 दाखवते. शेवटचा 0 म्हणजे दशांशानंतर किती स्थळं ठेवायची. पैशांपर्यंत ठेवायचं असेल तर 2. प्रश्नात ‘दोन दशांशांपर्यंत दाखवा’ म्हटलं असेल तर स्वरूप बदलायचं, ‘पूर्णांकात रूपांतर करा’ म्हटलं असेल तर `ROUND` वापरायचं. प्रश्नाचं क्रियापद नीट वाचा.

N2 परत 12 करा. `ROUND` तसंच राहू द्या, 12 च्या दराला सगळे आकडे पूर्णच येतात.

## पायरी ६: गावाप्रमाणे आणि मालाप्रमाणे हिशोब

दुकानात संध्याकाळी शेठ विचारतात, “यावलना माल कितला उना?” या प्रश्नाचं एक्सेलमधलं उत्तर म्हणजे `SUMIF` आणि `COUNTIF`.

मक्याच्या पावत्या किती आणि एकूण मका किती क्विंटल:

```
=COUNTIF(C2:C9,"मका")
=SUMIF(C2:C9,"मका",D2:D9)
```

उत्तरं 3 आणि 47.5. C6 मध्ये शेवटी स्पेस असती तर `COUNTIF` ने मुकाट 2 दिलं असतं, `#N/A` वगैरे काही नाही. `VLOOKUP` निदान ओरडतं, हे ओरडत नाही.

आकड्यांची अट अवतरणचिन्हांत लिहायची:

```
=COUNTIF(D2:D9,">=10")
```

याचं उत्तर 4. `>10` लिहिलं तर 3, कारण पावती 106 चं वजन बरोबर 10 आहे. ‘दहा किंवा त्याहून जास्त’ आणि ‘दहापेक्षा जास्त’ यातला फरक तपासण्यासाठीच सरावात असा एक आकडा सीमारेषेवर ठेवलेला असतो. ‘किमान दहा’ म्हणजे `>=`, ‘दहाच्या वर’ म्हणजे `>`.

आता गावांचा गोषवारा. K8 ते K11 मध्ये यावल, चोपडा, रावेर, धरणगाव लिहा. L8 मध्ये:

```
=SUMIF($B$2:$B$9,K8,$F$2:$F$9)
```

K8 ला डॉलर नाही, कारण खाली ओढल्यावर ते K9 व्हायला हवं. L11 पर्यंत ओढा. यावल 69500, चोपडा 79000, रावेर 34375, धरणगाव 70000. L12 मध्ये `=SUM(L8:L11)` घ्या, ती F11 शी जुळायला हवी: 252875.

हा ताळा का करायचा ते करून बघा. L8 मधल्या शेवटच्या भागात `$F$2:$F$9` ऐवजी `$F$1:$F$8` लिहा. शीर्षकाच्या ओळीपासून निवड सुरू झाली की असंच होतं. यावलची रक्कम 89375 दाखवेल. एक्सेल दुसऱ्या ओळीच्या गावाला पहिल्या ओळीची रक्कम लावत गेलं, सगळं एक घर वर सरकलं. यावलच्या नावावर आता रावेरचा आणि चोपड्याचा हरभरा जमा आहे. कुठेही चुकीची खूण नाही. खाली ओढल्यावर L12 मध्ये 222875 येतं, आणि F11 शी बरोबर 30000 चा फरक पडतो. ती शेवटच्या पावतीची रक्कम आहे, कारण तीच निवडीबाहेर राहिली. ताळ्यातला फरक असा एखाद्या ओळीच्या रकमेइतका निघाला, की चूक कुठे आहे ते लगेच सापडतं.

दोन अटी असतील तर `SUMIFS`. यावलहून आलेल्या मक्याची रक्कम:

```
=SUMIFS(F2:F9,B2:B9,"यावल",C2:C9,"मका")
```

उत्तर 25000. एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: `SUMIF` मध्ये बेरजेचा कॉलम शेवटी येतो, `SUMIFS` मध्ये सुरुवातीला. परीक्षेत घाईत हीच अदलाबदल सगळ्यात जास्त होते.

## पायरी ७: शेरा लिहा

समजा नियम असा आहे, की निव्वळ रक्कम 30000 किंवा जास्त असेल तर चेक, नाहीतर रोख. I2 मध्ये:

```
=IF(H2>=30000,"चेक","रोख")
```

खाली ओढल्यावर 103, 105 आणि 106 या तीनच पावत्यांना ‘चेक’ यायला हवं. चार आले असतील तर तुम्ही H ऐवजी F वर अट लावली आहे. पावती 108 ची रक्कम बरोबर 30000 आहे, पण हमाली वजा जाता 29820 राहतात.

मराठी शब्द अवतरणचिन्हांत नसतील तर `#NAME?` येतं. अवतरणचिन्हं असूनही `#NAME?` आलं तर ती वाकडी आहेत का बघा. वर्डमधून किंवा मोबाइलवरच्या मेसेजमधून फॉर्म्युला चिकटवला की सरळ चिन्हांच्या जागी वाकडी येतात आणि एक्सेल ती मानत नाही. एक्सेलमध्येच खोडून पुन्हा टाइप करा. मराठी कीबोर्ड चालू ठेवून `IF` टाइप केलं तर तिथे भलतीच अक्षरं उमटतात, तेव्हा फंक्शनचं नाव लिहिताना इंग्रजी, शब्द लिहिताना मराठी, अशी अदलाबदल बोटांना सरावाची करून घ्या.

## एका नजरेत तक्ता

| हवं काय | फॉर्म्युला | तपासायचं काय |
|---|---|---|
| बेरीज | `=SUM(D2:D9)` | `COUNT` आणि `COUNTA` सारखे आहेत का |
| सगळ्यांना एकच दर | `=D2*$N$2` | डॉलर दोन आहेत का |
| तक्त्यातून शोध | `=VLOOKUP(C2,$K$2:$L$5,2,FALSE)` | डॉलर, स्पेस, `FALSE` |
| पूर्ण रुपये | `=ROUND(D2*$N$2,0)` | दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज |
| अटीने मोजणी | `=COUNTIF(D2:D9,">=10")` | सीमेवरचा आकडा |
| अटीने बेरीज | `=SUMIF(B2:B9,"यावल",F2:F9)` | दोन्ही निवडी एकाच ओळीपासून |
| जर-तर | `=IF(H2>=30000,"चेक","रोख")` | कोणत्या कॉलमवर अट |

## पायरी ८: गुणपत्रकाचा सराव

नवीन शीट घ्या. A1 पासून शीर्षकं: क्रमांक, मराठी, गणित, विज्ञान, सरासरी, निकाल, श्रेणी. दुसऱ्या ओळीत क्रमांक 1 आणि गुण 62, 71, 33. तिसऱ्या ओळीत क्रमांक 2 आणि गुण 60, गणिताचा सेल रिकामा, विज्ञान 80.

सरासरी E2 मध्ये `=AVERAGE(B2:D2)`. दुसऱ्या ओळीत 55.33 येते. तिसऱ्या ओळीत 70 येते, कारण `AVERAGE` रिकामा सेल धरतच नाही, दोनच विषयांची सरासरी काढतं. गैरहजर विद्यार्थ्याला शून्य धरायचं असं प्रश्नात म्हटलं असेल तर सेलमध्ये 0 टाका, सरासरी 46.67 होईल.

प्रत्येक विषयात किमान 35 हवेत, असा निकालाचा नियम असेल तर:

```
=IF(AND(B2>=35,C2>=35,D2>=35),"पास","नापास")
```

क्रमांक 1 ची सरासरी चांगली असूनही विज्ञानात 33 आहेत, म्हणून ‘नापास’. सरासरीवर अट लावली असती तर तो पास झाला असता.

श्रेणीसाठी J2 ते K5 मध्ये तक्ता करा: 0 समोर ‘नापास’, 35 समोर ‘पास’, 60 समोर ‘प्रथम’, 75 समोर ‘विशेष’. आकडे चढत्या क्रमानेच हवेत. G2 मध्ये:

```
=VLOOKUP(E2,$J$2:$K$5,2,TRUE)
```

इथे `TRUE` बरोबर आहे, कारण 55.33 हा आकडा तक्त्यात नाहीच. त्याच्या खालचा सगळ्यात जवळचा 35 सापडतो आणि ‘पास’ येतं. `FALSE` लिहिलं तर `#N/A`. निकालाच्या कॉलममध्ये ‘नापास’ आणि श्रेणीत ‘पास’ असं एकाच ओळीत दिसेल, तेव्हा G2 मध्ये आधी निकाल बघायचा:

```
=IF(F2="नापास","-",VLOOKUP(E2,$J$2:$K$5,2,TRUE))
```

शेवटचा सराव. निकाल आणि श्रेणीचे फॉर्म्युले तिसऱ्या ओळीतही ओढा. तिथे गणिताचा सेल रिकामा ठेवून आणि मग 0 टाकून, दोन्ही वेळा निकाल बघा. दोन्ही वेळा ‘नापास’ येतं, कारण तुलना करताना `>=35` रिकाम्या सेलला शून्यच समजतं, जरी `AVERAGE` त्याला समजत नसलं तरी. मग C3 मध्ये 35 टाका: निकाल ‘पास’, सरासरी 58.33, श्रेणी ‘पास’. 40 टाकलेत तर सरासरी बरोबर 60 होते आणि श्रेणी ‘प्रथम’ यायला हवी.